थेरपीतले फॉर्म: स्कोअर कसा वाचायचा आणि पद्धत कधी बदलायची

प्रश्न: मुलगा १० वर्षांचा आहे, अँग्झायटीसाठी थेरपी चालू आहे. मॅडम दर वेळी फॉर्म भरून घेतात, स्कोअर कधी खाली जातो कधी वर. यावरून फायदा होतोय की नाही हे कसं कळतं? आणि पद्धत किंवा थेरपिस्ट बदलायचा कधी?

उत्तर:

मी पुण्यात मुलांसोबत काम करणारी सायकॉलॉजिस्ट आहे, हे फॉर्म माझ्या रोजच्या वापरातले आहेत. आधी तुमच्या मॅडमना विचारा की फॉर्म नक्की कोणता आहे, कारण प्रत्येक फॉर्म दर आठवड्याला भरण्यासाठी नसतो. एसडीक्यू म्हणून २५ प्रश्नांचा एक फॉर्म आपल्याकडे खूप चालतो, तो मुळात मागच्या ६ महिन्यांबद्दल विचारतो, आणि त्याची फॉलोअपची आवृत्ती मागच्या एका महिन्याबद्दल. तो दर शनिवारी भरून घेतला तर आकडा हलेल पण त्या हलण्याला काही अर्थ नसेल.

अँग्झायटीसाठी मी दोन गोष्टी सोबत वापरते. एक म्हणजे आरकॅड्स, ४७ वाक्यं, प्रत्येकाला कधीच नाही / कधीकधी / बऱ्याचदा / नेहमी असं उत्तर, मुलाचा फॉर्म वेगळा आणि पालकांचा वेगळा. हा सुरुवातीला आणि मग साधारण दर सहाव्या सेशनला. आणि दर आठवड्याला फक्त तीन त्रास, जे घरच्यांनी आणि मुलाने पहिल्या भेटीत स्वतःच्या शब्दांत सांगितलेले असतात, त्यांना ० ते १० मध्ये मार्क. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि खरं सांगायचं तर रोजच्या आयुष्यात काय बदललं ते मला त्या तीन आकड्यांतूनच जास्त कळतं, मोठा फॉर्म ते तपासून बघायला.

आता वर-खाली होण्याबद्दल. आरकॅड्सचा टी स्कोअर असतो, ५० म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी, ६५ च्या पुढे लक्ष द्यायला हवं आणि ७० च्या पुढे क्लिनिकल समजतात. पण मूल अजिबात बदललेलं नसतानाही तोच फॉर्म परत भरला की आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, झोप झाली नव्हती, सकाळी भांडण झालं, फॉर्म घाईत भरला. किती फरक झाला की तो खरा मानायचा याचं गणित जेकबसन आणि ट्रुएक्स यांनी १९९१ मध्ये मांडलंय आणि ते फॉर्म किती भरवशाचा आहे यावर ठरतं. टी स्कोअरचा फैलाव १० धरला आणि फॉर्मचा भरवसा ०.९ असेल तर साधारण ९ गुणांचा फरक लागतो, ०.८ असेल तर १२ चा. पूर्ण फॉर्मचा एकत्र स्कोअर जास्त भरवशाचा, आतल्या एकेका भागाचा (फक्त सेपरेशन अँग्झायटीचा, म्हणजे आई-बाबांपासून दूर राहायच्या भीतीचा, समजा) कमी, कारण त्यात ७ च वाक्यं आहेत. म्हणजे ७२ चा ६९ झाला म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ७२ चा ७५ झाला म्हणून घाबरायचं नाही.

अजून एक, बरेच पालक सगळं असह्य झालं की मगच येतात. त्यामुळे पहिला स्कोअर बहुतेक वेळा सगळ्यात वाईट काळातला असतो आणि दुसऱ्या वेळी तो आपोआपच थोडा उतरतो, थेरपीने काही केलेलं नसताना. आणि कॅलेंडर बघा हो! शाळेच्या भीतीचं मूल मे महिन्याच्या सुट्टीत एकदम छान होतं, स्कोअर धाडकन खाली, आणि शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात सगळं परत. मी दर स्कोअरखाली तारखेसोबत लिहून ठेवते, सुट्टी, सहामाही परीक्षा, आई गावाला गेली होती, वगैरे. फॉर्म दर वेळी त्याच माणसाने भरायला हवा, एकदा आई एकदा बाबा असं केलं तर तुलनाच होत नाही. मराठीत वाचून दाखवत असतील तर दर वेळी तेच शब्द हवेत.

एक उदाहरण सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. चौथीतली मुलगी, आईला सोडून राहायची नाही. तीन त्रास आईने असे सांगितले होते: रात्री एकटी झोपत नाही ९, सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखतं ८, क्लासला आई बाहेर बसली नाही तर रडते ८. आईच्या फॉर्मवर सेपरेशनचा टी स्कोअर ७८ आणि मुलीच्या स्वतःच्या फॉर्मवर फक्त ६०. असा फरक बघून लोकांना वाटतं कुणीतरी खोटं भरलंय. तसं नसतं, पालक आणि मुलं यांची उत्तरं जगभर कमीच जुळतात, दोघं वेगवेगळं बघत असतात. सरासरी काढायची नाही, दोन वेगळ्या रेषा ठेवायच्या.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आरकॅड्स चोर्पिता आणि सहकाऱ्यांनी २००० साली बनवला, हवाईमधल्या शाळांतल्या मुलांवर, आणि टी स्कोअर काढायची कोष्टकं अमेरिकन मुलांची आहेत. सेपरेशनच्या ७ वाक्यांत एकटं झोपायची भीती पण आहे. आता आपल्याकडे वन बीएचकेमध्ये ९ वर्षांचं मूल आई-आजीजवळ झोपतं ही काही लक्षणं नाहीत, ती घराची रचना आहे, पण आईने "नेहमी" वर टिक केली की स्कोअर चढतो. म्हणून ७० च्या रेषेला मी फार चिकटत नाही, मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या स्कोअरशी करते, आणि नुसता आकडा न बघता कोणत्या वाक्यावर काय टिक आहे ते वाचते.

तर सहाव्या सेशनला आईचा स्कोअर ७८ वरून ७४, म्हणजे बदल नाहीच. मुलीचा ६० वरून ६८. आई हबकली, म्हणाली मॅडम हिचं तर वाढलंय. ८ गुण पण १२ च्या आतच आहेत, तरी मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून वाक्यं वाचली तर आई-बाबांपासून दूर राहायची काळजी वाटते या वाक्यावर आधी "कधीच नाही" होतं तिथे आता "नेहमी" होतं. मुलीला विचारलं तर म्हणाली तेव्हा मला सांगायचं नव्हतं. म्हणजे भीती वाढली नव्हती, बोलायला लागली होती. शिवाय चौथ्या सेशनपासून आम्ही एक्सपोजर सुरू केलं होतं, म्हणजे भीतीच्या गोष्टीला छोट्या पायऱ्यांनी सामोरं जायचं, आणि त्यात पहिले काही आठवडे त्रास वाढू शकतो, ते आधीच सांगून ठेवावं लागतं.

पण आठवड्याचे तीन आकडे ९-८-८ वरून ८-८-८, आणि एक्सपोजर सुरू होऊन तीन आठवडे झालेले. इथे थांबून बघावं लागतं. माझा नियम असा आहे की ६ ते ८ सेशनमध्ये दोन्ही रेषा सपाट असतील तर तोच प्लॅन पुढे रेटायचा नाही, आणि लागोपाठ दोनदा खऱ्या फरकाएवढं बिघडलं तर त्याच आठवड्यात बोलायचं. बदलायच्या आधी मात्र पहिला प्रश्न हा की ठरवलेला उपाय प्रत्यक्षात झाला का? बऱ्याचदा थेरपी "चालली नाही" असं वाटतं तेव्हा ती झालेलीच नसते, घरी सराव शून्य, किंवा सेशनमध्ये नुसत्या गप्पा आणि दीर्घ श्वास आणि एक्सपोजर नावालाही नाही. हिच्या बाबतीत सराव होत होता, वहीत लिहिलेलंही होतं. पण आईला रात्रीचा क्रम मिनिटामिनिटाने सांगायला लावला तेव्हा कळलं की मुलगी हाक मारते, आजी पाच मिनिटांत उठून जवळ जाऊन झोपते, क्लासच्या वेळी आई जिन्यात थांबते, आणि "तू कुठे आहेस" या फोनला दर वेळी लगेच उत्तर मिळतं. पायरी चढायच्या आतच भीतीची सुटका होत होती. यात कुणाची चूक नाही, रडणाऱ्या पोराला कोण बघत बसेल.

मग थेरपिस्ट तोच, पद्धत बदलली. मुलीचे सेशन कमी केले आणि आई, बाबा, आजी तिघांसोबत बसायला लागलो. याची एक पूर्ण पद्धत आहे, स्पेस नावाची, येल युनिव्हर्सिटीतल्या एली लेबोविट्झ यांची, तिच्यात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटतात, आणि थेट मुलासोबत केलेल्या सीबीटीशी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीशी, तुलना केली तेव्हा ती कमी पडली नाही. आम्ही एकच गोष्ट धरली, क्लासच्या वेळचे फोन. मुलीला आधी सांगितलं की तुला भीती वाटते हे आम्हाला कळतं आणि तू ते निभावशील याची खात्री आहे, म्हणून क्लास चालू असताना एकच फोन घेऊ. मग जिना, मग रात्र (आजी खोलीतच, पण वेगळ्या अंथरुणावर). पहिल्या आठवड्यात क्लासचा आकडा ८ चा ९ झाला, नंतर ७, ५, ४. पोटदुखी सगळ्यात उशिरा उतरली. पुढच्या मोठ्या फॉर्मला आईचा ७८ चा ६३ झाला, १५ गुण, हा खरा फरक, आणि तेव्हा शाळा चालू होती, सुट्टी नव्हती.

हेही करून हललं नसतं तर पुढची पायरी चाइल्ड सायकियाट्रिस्टची होती. औषधाचं नाव काढलं की पालक घाबरतात म्हणून सांगते, अमेरिकेत २००८ मध्ये कॅम्स नावाचा मोठा अभ्यास आला, मुलांच्या अँग्झायटीवर १२ आठवडे, त्यात नुसत्या सीबीटीने ६० टक्के मुलांना स्पष्ट फायदा झाला, नुसत्या सर्ट्रालीन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि खोट्या गोळीने २४. म्हणजे थेरपीत अडकलं की थेरपी सोडून गोळी असं नसतं, जोड देणं हा पण बदलच आहे.

फॉर्म भरल्यानेच मूल सुधारतं असा दावा मात्र कुणी करत असेल तर मानू नका. २०११ मध्ये बिकमन यांच्या अभ्यासात ज्या थेरपिस्टना दर आठवड्याला रिपोर्ट मिळत होते त्यांच्याकडची मुलं लवकर सुधारली, पण २०१८ मध्ये कोक्रेन या अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात मुलांच्या बाबतीतला सगळा पुरावा मिळून ठाम काही म्हणण्याइतका नाही असं निघालं. मला त्यात नवल वाटत नाही, कारण रिपोर्ट बघून काहीच बदललं नाही तर तो कागद फाइलमध्येच राहणार.

थेरपिस्ट बदलायचं म्हणाल तर मी स्कोअरपेक्षा हे बघेन: तुम्ही ग्राफ मागितला तर दाखवतात का, सपाट रेषा दिसल्यावर त्यांच्याकडे कारणाचा अंदाज आणि दुसरा प्लॅन आहे का. "वेळ लागतो" एवढंच उत्तर तीन महिने मिळत असेल तर दुसरं मत घ्या. आणि एक गोष्ट ग्राफची वाट न बघता, आरकॅड्समध्ये मरणाचे विचार येतात असं एक वाक्य आहे, त्यावर टिक झाली असेल तर एकूण स्कोअर कितीही चांगला असो, मुलाशी त्याच दिवशी बोललं गेलं पाहिजे. ते वाक्य भरून झाल्यावर कुणी वाचतं का, हे पुढच्या भेटीत सरळ विचारा, आणि पहिला फॉर्म व आत्ताचा फॉर्म शेजारी ठेवून वाक्यावाक्याने बघायला १५ मिनिटं मागून घ्या.