उष्मांक : दर ग्रॅम, दर मोल आणि पाकिटावरचा

प्रश्न : मुलीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिहिले आहे की हायड्रोजनचा उष्मांक सर्व इंधनांत जास्त. त्याच पुस्तकाच्या तक्त्यात मात्र हायड्रोजनपुढे २८६ आणि ब्यूटेनपुढे २८७८ आहे. खरे काय? आणि केळीच्या वेफरच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५३० उष्मांक आहेत, त्यांचे जूल करायचे तर नेमके कशाने गुणायचे? (एक वाचक, चोपडा, जि. जळगाव)

उत्तर : पुस्तकातले विधानही खरे आहे आणि तक्ताही खरा आहे, घोटाळा ‘उष्मांक’ या शब्दाने केला आहे. मराठीत हा एकच शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. आहाराविषयी लिहिताना ‘दिवसाला दोन हजार उष्मांक’ असे म्हणतात, तेव्हा तो एकक असतो आणि त्याचा अर्थ किलोकॅलरी इतकाच असतो. इंधनाविषयी लिहिताना ‘कोळशाचा उष्मांक’ म्हटले की तो पदार्थाचा गुण होतो, म्हणजे ठरावीक परिमाणाचे इंधन पूर्ण जळाल्यावर मिळणारी उष्णता. या दुसऱ्या अर्थाने शब्द वापरला की ते ठरावीक परिमाण कोणते हे सांगणे भागच आहे. आपल्या पुस्तकातल्या वाक्यात ते गृहीत धरलेले आहे, दर ग्रॅम. तक्त्यात बहुधा स्तंभाच्या मथळ्यावर बारीक अक्षरांत छापलेले आहे, किलोजूल दर मोल.

मोल हे वजन नव्हे, मोजणी आहे. रावेर-यावल भागातून केळी निघते तेव्हा तिचा भाव क्विंटलवर ठरतो आणि तीच केळी हातगाडीवर आली की डझनावर विकली जाते. डझनाने घेतले तर मोठ्या फळाचा डझन वेलचीच्या डझनापेक्षा जड भरणारच, त्यावरून फळ गोड किती हे कळत नाही. हायड्रोजनचा एक मोल म्हणजे जेमतेम २.०१६ ग्रॅम, आणि ब्यूटेनचा एक मोल म्हणजे ५८.१२ ग्रॅम. तक्त्यातल्या आकड्याला त्या त्या मोलच्या वजनाने भागले की हिशेब समोर येतो : हायड्रोजनसाठी २८६ ÷ २.०१६, म्हणजे सुमारे १४२ किलोजूल दर ग्रॅम, आणि ब्यूटेनसाठी २८७८ ÷ ५८.१२, म्हणजे सुमारे ४९.५ किलोजूल दर ग्रॅम. मोलवर दहापट पुढे असलेला ब्यूटेन ग्रॅमवर जवळजवळ तिपटीने मागे पडतो. तक्त्यात या आकड्यांमागे वजा चिन्ह असेल तर गोंधळू नये. ते उष्णता बाहेर पडते एवढेच सांगते, आणि उष्मांक सांगताना ते गाळण्याचा प्रघात आहे.

ही उलटापालट दोन इंधनांपुरती नाही. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन ही एकाच घराण्यातली मंडळी ओळीने मांडली, तर दर मोल आकडे ८९०, १५६०, २२२० आणि २८७८ असे चढत जातात, आणि तेच दर ग्रॅम ५५.५, ५१.९, ५०.३ आणि ४९.५ असे उतरत जातात. चढण्याचे कारण सरळ आहे : दर पायरीला रेणूत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन यांचा गट वाढतो आणि तो जळताना मोलमागे साधारण ६६० किलोजूल अधिक देतो. उतरण्याचे कारणही त्याच गटात दडलेले आहे. या गटाचे वजन १४ ग्रॅम, म्हणजे तो स्वतः दर ग्रॅम सुमारे ४७ किलोजूल देतो; साखळी जितकी लांब, तितका रेणूचा दर ग्रॅम आकडा या ४७ कडे सरकतो. पेट्रोलमधल्या ऑक्टेनसाठी तो ४८ च्या आसपास येतो, तो त्यामुळेच. मिथेन वर राहतो, कारण त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा हायड्रोजनचा आहे. ब्यूटेनमध्ये तो हिस्सा सतरा टक्क्यांवर आलेला असतो.

दोन्ही दर कशासाठी जवळ ठेवावेत हे पाहायचे असेल, तर इथेनशेजारी इथेनॉल ठेवावे. दोघांत फरक एका ऑक्सिजन अणूचा. दर मोल पाहिले तर १५६० चे १३६७ होतात, म्हणजे घट आठव्या हिश्शाइतकी. दर ग्रॅम पाहिले तर ५१.९ चे २९.७ होतात, म्हणजे आकडा निम्म्याजवळ येतो. ऑक्सिजनचा तो अणू स्वतः जळत नाही, पण इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार त्याचाच असतो. रेणूच्या आत काय घडले हे दर मोल आकडा सांगतो, आणि टाकीत किती ओझे वाहावे लागेल हे दर ग्रॅम आकडा सांगतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की लिटरमागे गाडी थोडी कमी का धावते, याचे मुख्य कारणही हेच आहे.

आता ‘सर्वांत जास्त’ या विशेषणाविषयी थोडे. दर ग्रॅम हायड्रोजन पहिला आहे यात वाद नाही, परंतु वायूंच्या बाबतीत दर मोल आकड्याला एक व्यावहारिक अर्थ आहे, तो पुस्तके क्वचितच सांगतात. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल जवळपास तेवढीच जागा घेतो, साधारण २४ लिटर. म्हणून वायूंसाठी दर मोल तुलना ही खरे तर आकारमानाची तुलना होते, आणि त्या तुलनेत मिथेनचे ८९० हे हायड्रोजनच्या २८६ पेक्षा तिपटीहून अधिक आहेत. नळाने येणारा गॅस घनमीटरवर मोजतात आणि घरचे सिलिंडर किलोवर, तेव्हा कोणता दर उपयोगी हे मीटर किंवा काटा ठरवतो. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते; दर ग्रॅम ५० किलोजूल धरले तर त्यात सुमारे ७१० मेगाजूल उष्णता आहे. हाच हिशेब कोणी चुकून २८७८ ला ग्रॅमचा आकडा समजून केला तर उत्तर चाळीस हजार मेगाजुलांच्या पुढे जाते. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : नेहमीच्या इंधनासाठी दर ग्रॅम किलोजुलांचा आकडा हायड्रोजनच्या १४२ च्या वर गेला, की तो मोलचा आकडा ग्रॅमच्या जागी आलेला आहे असे खुशाल समजावे. एखाद्या पुस्तकात हायड्रोजनसाठी १४२ ऐवजी १२० दिसले, तर मात्र ती चूक नसते. तिथे ज्वलनात तयार झालेले पाणी वाफेच्या रूपातच निघून गेले असे धरून तिची उष्णता वजा केलेली असते.

पाकिटाकडे वळू. तिथल्या ५३० ला ‘उष्मांक’ म्हटले काय किंवा ‘कॅलरी’ म्हटले काय, छापलेले एकक किलोकॅलरी आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवणारी ती कॅलरी, आणि एक किलो पाणी तापवणारी ती किलोकॅलरी. आहारशास्त्राने बोलताना ‘किलो’ गाळला आणि दुसरीलाच कॅलरी म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत ही मोठी कॅलरी मोठ्या अक्षराने लिहिण्याची रीत तरी आहे. देवनागरीत अक्षरांची लहानमोठी रूपेच नसल्याने आपल्याला तीही सोय नाही. ‘१०० कॅलरी’ असे मराठीत लिहिले की हजारपटीचा फरक वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेला असतो. माझ्या मते एककासाठी ‘किलोकॅलरी’ हाच शब्द पूर्ण लिहावा आणि ‘उष्मांक’ पदार्थाच्या गुणासाठी राखून ठेवावा, तोही ‘दर ग्रॅम’ किंवा ‘दर मोल’ या शेपटीसकट.

गुणायचे ते ४.१८४ ने. ५३० किलोकॅलरी × ४.१८४ म्हणजे सुमारे २२१८ किलोजूल, आणि नुसते जूल हवे असतील तर सुमारे २२ लाख १८ हजार. तोंडी करायचे असल्यास आकड्याची चौपट करावी आणि तिचा विसावा भाग तिच्यात मिळवावा : २१२० अधिक १०६, म्हणजे २२२६, लेबलाचा आकडा मुळातच पूर्णांकात छापलेला असतो, त्यामुळे एवढा फरक चालतो. काही पुस्तकांत ४.१८६८ हा गुणक आढळतो. तो कॅलरीच्या दुसऱ्या व्याख्येचा आहे आणि त्याने आपले उत्तर दीड किलोजुलाने बदलते. ५३० हे १०० ग्रॅमचे आहेत हेही विसरू नये; ३० ग्रॅमचे पाकीट संपवले तर १५९ किलोकॅलरी, म्हणजे ६६५ किलोजूल पोटात गेले.

ग्रॅममागे पाहिले तर हे वेफर २२ किलोजूल देतात, म्हणजे जवळपास मिथेनॉलइतके; परंतु इथे इंधनाच्या तक्त्याची आणि लेबलाची तुलना सावधपणे करावी लागते, कारण दोन्ही आकडे एकाच पद्धतीने आलेले नसतात. इंधनाचा आकडा पदार्थ ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळून काढतात. लेबलाचा आकडा मात्र सहसा बेरजेने काढतात : कर्बोदके आणि प्रथिने यांना ग्रॅममागे ४ किलोकॅलरी आणि स्निग्ध पदार्थांना ९. समजा, पाकिटावर कर्बोदके ५८ ग्रॅम, प्रथिने २.५ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ ३२ ग्रॅम असे छापले आहे. तर २३२ अधिक १० अधिक २८८, बरोबर ५३०. निम्म्याहून अधिक ऊर्जा तळणीच्या तेलातून आलेली आहे, हे या बेरजेतच दिसते. बेरीज थेट किलोजुलांत करायची असेल तर गुणक १७, १७ आणि ३७ असे आहेत, त्यांनी २२१२.५ येतात. मघाच्या २२१८ शी ते तंतोतंत जुळत नाहीत, कारण हे गुणक आधीच पूर्णांकात आणलेले आहेत.

हे गुणक ज्वलनाचे नसून शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचे आहेत. प्रथिने उष्मामापकात जाळली तर ग्रॅममागे साधारण २३ ते २४ किलोजूल देतात, पण शरीर त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते आणि त्या युरियात उरलेली ऊर्जा आपल्या कामी येत नाही. म्हणून लेबलावर १७ धरतात. तंतुमय पदार्थांचे तसेच आहे : भट्टीत ते कर्बोदकांसारखेच जळतात, पोटात बहुतांशी न पचता पुढे जातात आणि त्यांना ग्रॅममागे २ किलोकॅलरीच देण्याची पद्धत आहे. आपल्या पाकिटावर ५८ ग्रॅम कर्बोदकांतच ६ ग्रॅम तंतुमय पदार्थ धरलेले असतील आणि उत्पादकाने त्यांना हा वेगळा गुणक लावला असेल, तर बेरीज १२ किलोकॅलरींनी घटून ५१८ वर येईल, आणि किलोजूल २१६७ होतील.