स्लिप गेजची थप्पी लावताना शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करा

स्लिप गेज म्हणजे नेमक्या जाडीचे ब्लॉक, एकमेकांना चिकटवून हवं ते माप बनवायचं. ८७ नगांच्या सेटमधून ५८.९७५ मिमी हवंय, असं धरू. आधी शेवटचा ५ मारायचा: १.००५ घेतला, उरले ५७.९७. नवीन माणूस चुकतो तो इथेच. ७ दिसला की तो १.०७ उचलतो, मग ५६.९० साठी १.४०, मग ५.५ आणि ५०. पाच ब्लॉक झाले. त्याऐवजी दोन्ही आकडे एकदमच उडवा. १.०१ ते १.४९ या मालिकेतला असा ब्लॉक शोधा की बाकी .० किंवा .५ वर येईल. इथे तो १.४७. उरले ५६.५, म्हणजे ६.५ आणि ५०. चारातच काम झालं. कागदावर उलटी बेरीज करून मगच ब्लॉकला हात लावा.

ब्लॉक कमी का, तर प्रत्येकाची स्वतःची चूक बेरजेत येते आणि प्रत्येक सांध्यात धूळ अडकायला जागा मिळते. पुसलेला ब्लॉक आडवा टेकवून हलक्या दाबाने फिरवत सरकवला की ओढ जाणवते, म्हणजे तो चिकटला. खरखर लागली तर तिथेच थांबा. जोर लावलात तर दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे पडतील. पातळ ब्लॉक जाड ब्लॉकवर चढवा, आणि काम झाल्यावर थप्पी सरकवूनच सोडवा, रात्रभर तशीच ठेवू नका.