‘बेस्ट प्लेअर’ की ‘द बेस्ट प्लेअर’?

प्रश्न: आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेची बातमी इंग्रजीत लिहायची होती. मी लिहिलं, ‘अवर टीम वन फॉर फर्स्ट टाइम अँड रोहन वॉज बेस्ट प्लेअर इन द टूर्नामेंट.’ मुलगी म्हणते, दोन्हीकडे ‘द’ हवा. पण सर्टिफिकेटवर तर नुसतं ‘बेस्ट प्लेअर’ छापतात. नक्की काय? (गुहागरहून एक वाचक)

तुमच्या मुलीचं बरोबर आहे. ‘फॉर द फर्स्ट टाइम’ आणि ‘रोहन वॉज द बेस्ट प्लेअर’ असंच हवं. सर्टिफिकेटवरचंही चुकलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

‘बेस्ट’, ‘टॉलेस्ट’ किंवा ‘फर्स्ट’, ‘थर्ड’ हे शब्द नामाला चिकटून आले की ते बहुतेक वेळा घोळक्यातून एकालाच उचलून दाखवतात. स्पर्धेत खेळाडू पुष्कळ, पण सर्वांत चांगला एकच. जिंकण्याच्या खेपा कितीही असोत, पहिली एकच. कोणता ते असं ठरून गेलं की इंग्रजीला तिथे ‘द’ लागतो. मराठीत ‘सर्वांत’ आणि ‘पहिल्यांदा’ एवढ्यावर भागतं, वेगळं चिन्ह लावावं लागत नाही. म्हणून आपल्या हातून हा ‘द’ सहज सुटतो.

‘द’ची जागा दुसऱ्या कुणी अडवली असेल, तर तो येत नाही. ‘माय फर्स्ट टाइम’, ‘अवर बेस्ट रेडर’, ‘गुहागर्स बेस्ट प्लेअर’ यांत ‘कुणाचा’ हे आधीच सांगितलेलं आहे, तेच पुरतं. ‘द माय फर्स्ट टाइम’ असं इंग्रजीत होतच नाही.

खरा गोंधळ होतो तो पुढे नाम नसतं तेव्हा. ‘रोहन केम फर्स्ट’ किंवा आपल्याकडे म्हणतात तसं ‘स्टूड फर्स्ट’, यात ‘फर्स्ट’ क्रियापदाला जोडलेला आहे. रोहन कितवा आला, एवढंच तो सांगतो, म्हणून ‘द’ नको. ‘ही प्लेड बेस्ट इन द फायनल’ हेही तसंच. इथे ‘प्लेड द बेस्ट’ असंही ऐकू येतं आणि ते चूक नाही, पण नुसतं ‘बेस्ट’ पुरेसं आहे.

यातली सर्वांत बारीक जागा मला दाभोळच्या खाडीवरून सांगता येईल. ‘द क्रीक इज डीपेस्ट निअर द जेटी’ म्हणजे हीच खाडी इतर ठिकाणांपेक्षा धक्क्याजवळ जास्त खोल आहे. खाडीची तुलना तिच्याशीच चालली आहे, दुसरी खाडी मध्ये आलेलीच नाही, म्हणून ‘द’ येत नाही. ‘धिस क्रीक इज द डीपेस्ट इन द डिस्ट्रिक्ट’ म्हटलं की जिल्ह्यातल्या सगळ्या खाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांतून ही एक निवडली, मग ‘द’ आला. अडलात तर वाक्याला मराठीत प्रश्न विचारून बघा. उत्तर ‘कोणता?’ या प्रश्नाचं असेल तर ‘द’ घाला. ‘कुठे?’, ‘कधी?’, ‘कितवा?’ यांचं असेल तर बहुधा गरज नसते.

आता सर्टिफिकेट. तिथे ‘बेस्ट प्लेअर’ हे बक्षिसाचं नाव आहे, पदवीसारखं. नावापुढे ‘द’ लागत नाही, म्हणून ‘रोहन वॉज नेम्ड बेस्ट प्लेअर’ हेही शुद्ध आहे आणि ‘ही वन फर्स्ट प्राइझ’सुद्धा. तुमच्या वाक्यात मात्र नुसतं ‘वॉज’ आहे. ते बक्षीस जाहीर झाल्याचं सांगत नाही, रोहन कसा खेळाडू होता ते सांगतं. बातमीत बक्षीसच सांगायचं असेल तर ‘वॉज’नंतर ‘नेम्ड’ टाका, म्हणजे ‘द’शिवायही वाक्य ठीक होईल.

‘फर्स्ट टाइम’बद्दल थोडं आणखी. बोलताना इंग्रज माणूसही ‘फर्स्ट टाइम आय सॉ हिम’ अशी सुरुवात करतो, पण लिहिताना ‘द फर्स्ट टाइम’ बरं. ‘फॉर’ पुढे असेल तर ‘द’ कधीच गाळू नये, ‘फॉर फर्स्ट टाइम’ हे लगेच खटकतं. ‘ॲट फर्स्ट’ आणि ‘फर्स्ट ऑफ ऑल’ हे मात्र ठरून गेलेले प्रयोग आहेत, त्यांत ‘द’ घुसवू नये.

क्रमवाचक शब्दापुढे कधी ‘अ’ही येतो. ‘ही ट्राइड अ थर्ड टाइम’ म्हणजे दोनदा जमलं नाही, म्हणून त्याने आणखी एकदा प्रयत्न केला. तिथे ‘द थर्ड टाइम’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, तिसऱ्या वेळी काय झालं? पुढल्या वर्षी तुमचा संघ पुन्हा जिंकला, तर ‘फॉर द सेकंड टाइम’ आणि ‘फॉर अ सेकंड टाइम’ दोन्ही चालतील. पहिल्यात खेपांची मोजणी आहे, दुसऱ्यात ‘पुन्हा एकदा’चा सूर.