घरी बसलेला बेकार, पण बेरोजगार नाही?

प्रश्न : ‘बेकार’ आणि ‘बेरोजगार’ यांत फरक काय? आमच्या सोलापुरात काम सुटून घरी बसलेल्याला सरळ बेकार म्हणतात. पण काम शोधायचं सोडलेला माणूस पेपरातल्या ‘बेरोजगारीच्या दरात’ येतच नाही असं ऐकलं. मग तिथं या शब्दाचा अर्थ कोणता?

उत्तर : व्युत्पत्ती आधी उरकून घेऊ, कारण खरी गंमत पुढे आहे. दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘कार’ म्हणजे काम; कारखाना, कारागीर, कारभार हे त्याचेच सोयरे. ज्याला काम नाही तो बेकार. ‘रोजगार’ फारसीत मुळात काळ, दिवस या अर्थाचा. आपल्याकडे तो उपजीविकेचं काम झाला. मराठीत ‘बेकार’ची पुढे घसरगुंडी झाली. चहा बेकार होतो, रस्ता बेकार असतो, त्यामुळे माणसाला बेकार म्हणताना त्याच्या किमतीवरच शेरा मारल्यासारखं वाटू लागलं. सरकारी कागदांनी आणि पेपरांनी ‘बेरोजगार’ उचलला, त्यामागे हे एक कारण असावं असा माझा कयास. ‘रिकामटेकडा’ तर निव्वळ शिवी, ती बाजूला ठेवू.

तर दोन्ही शब्द सांगतात ते एवढंच, की काहीतरी *नाही*. आकडेवारीतला बेरोजगार मात्र दोन गोष्टींनी ठरतो : काम नसणे, आणि कामासाठी पुढे असणे. ही दुसरी अट शब्दात कुठेच दिसत नाही. तुमच्या मनातला गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता हे मोजतात कसं? सेवायोजन कार्यालयात नाव घातलेल्या ‘सुशिक्षित बेकारां’ची यादी मोजतात असा अनेकांचा समज आहे, तो चूक. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं नमुन्यात निघालेल्या घरांत जाऊन विचारतात. या पाहणीचं नाव नियतकालिक श्रमशक्ती पाहणी. ती 2017 साली सुरू झाली आणि 2025 पासून तिचे आकडे दर महिन्याला येतात. मासिक आकड्यासाठी मागच्या सात दिवसांचा विचार होतो. त्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केलं असेल, तर माणूस कामावर धरला जातो. एक तासही केलं नाही, पण काम शोधलं किंवा कामाला तयार होता, तर तो बेरोजगार. दोन्ही नाही, तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. बेरोजगारीचा दर काढताना भागायचं ते पहिल्या दोन गटांच्या बेरजेने. तिसरा गट छेदात नसतोच. ‘शेकडा पाच’ वाचलं की आपण शंभर माणसं डोळ्यांपुढे आणतो, पण ती शंभर माणसं गावातली नसतात, श्रमशक्तीतली असतात.

एक गल्ली घेऊ. पंधरा वर्षांवरची शंभर माणसं. 54 कामावर, 6 कामाच्या शोधात, 40 बाहेर : विद्यार्थी, म्हातारेकोतारे, घर सांभाळणाऱ्या बाया. दर निघतो साठात सहा, म्हणजे 10 टक्के. आता शोधणाऱ्या सहांपैकी दोघी दमल्या. कारखान्याच्या दारात जाऊन ‘आठ दिवसांनी या’ ऐकायचा कंटाळा आला आणि त्या घरी बसल्या. नवं काम कुणालाच मिळालं नाही, 54 चे 54 च राहिले. पण हिशेबात बेरोजगार झाले 4 आणि श्रमशक्ती झाली 58. दर 6.9 टक्के. पेपरात मथळा येईल, बेरोजगारी घटली.

उलटंही होतं. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिलाईला हात लागतात. ‘या वर्षी माणसं घेणार आहेत’ अशी कुणकुण लागली आणि घरी बसलेल्या पाच जणी पुन्हा विचारायला निघाल्या, तर त्या आठवड्यापुरते बेरोजगार 9 आणि श्रमशक्ती 63, म्हणजे 14.3 टक्के. आशा वाढली की दर वाढतो. म्हणून या दराशेजारी आणखी दोन आकडे ठेवून वाचावं लागतं : शंभरातले किती जण श्रमशक्तीत आहेत, आणि शंभरातल्या किती जणांना काम आहे. वरच्या गल्लीत दर 10 वरून 6.9 वर आला तेव्हा काम असणाऱ्यांचं प्रमाण 54 वरच होतं आणि सहभाग 60 वरून 58 वर उतरला. दर उतरला, सहभागही उतरला आणि काम असणारे वाढले नाहीत, असं दिसलं की समजावं, माणसं कामावर गेलेली नाहीत, मोजणीतून गेलीत.

इथपर्यंतचं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ‘शोधायचं सोडलं की मोजत नाहीत’ हे वाक्य मुळात अमेरिकेच्या हिशेबाचं आहे. तिथे मागच्या चार आठवड्यांत काम शोधण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष हालचाल केलेली असावी लागते, तरच माणूस बेरोजगार. वर्षभरात कधीतरी शोधलं होतं, अजूनही कामाला तयार आहे, पण ‘आपल्याला काम मिळणार नाही’ असं वाटून थांबला, तर त्याचा एक वेगळा गट करतात. तो मोजतात, पण मुख्य दरात धरत नाहीत. या गटाला मराठीत कुणी ‘निराश कामगार’ म्हणतं, कुणी ‘हतोत्साहित’. मला दोन्ही पटत नाहीत. निराशा हा मनाचा आजार वाटतो, आणि ‘हतोत्साहित’ला हिंदीचा वास येतो. इथे मुद्दा मनःस्थितीचा नाहीच, काम मिळेल या अपेक्षेचा आहे. मी ‘आस सोडलेले’ म्हणेन.

आपली व्याख्या मात्र याहून सैल आहे, आणि विचारपूर्वक सैल आहे. शेतमजूर किंवा विडी वळणारी बाई अर्ज लिहून काम शोधत नाही. काम आलं तर करते. बेकारी मोजायची कशी यावर दांतवाला समितीने 1970 मध्ये अहवाल दिला होता. आपल्यासारख्या देशात एकाच आकड्यात हे बसत नाही, हे त्यानंतरच्या पाहण्यांनी धरून ठेवलं. म्हणून आपल्याकडे काम न शोधलेला पण कामाला तयार असलेला माणूसही बेरोजगारच. पाहणीच्या संकेतांकांत शोधणाऱ्याला 81 आणि न शोधलेल्या पण तयार असलेल्याला 82. म्हणजे कागदावर तुमचा घरी बसलेला माणूस सुटायला नको.

तरी सुटतो. का, ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते पुरतं भाषेचं प्रकरण आहे.

मीही सोलापूरचाच. आमच्या पूर्व भागात समोरच्या घरी पाहणीवाला आला होता, हातात टॅब घेऊन. त्या घरची सून आधी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. काम बंद पडलं, पाच-सहा महिने तिने चार ठिकाणी विचारलं, मग सोडून दिलं. पाहणीवाला आला तेव्हा ती पाणी भरायला गेलेली, दारात सासू. एकाच माणसाने सगळ्या घराची उत्तरं द्यायची हे या पाहणीत नेहमीचं. त्याने विचारलं, “मावशी, सून काय करते?” सासू म्हणाली, “घरीच असते.” त्याने पुढे रीतसर विचारलं, “कामासाठी उपलब्ध आहे का?” सासूने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुकानात आल्यासारखं काय विचारतोय हा! म्हणाली, “कुठलं उपलब्ध, घरातलंच संपत नाही.” झालं. संकेतांक 92, केवळ घरकाम. सून श्रमशक्तीच्या बाहेर.

‘उपलब्ध’ हा शब्द पाहा. मराठीत साखर उपलब्ध असते, तिकीट उपलब्ध असतं, गाळा भाड्याने उपलब्ध असतो. ‘मी कामाला उपलब्ध आहे’ असं सोलापुरात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून मी तरी ऐकलेलं नाही. आणि ‘घरीच असते’ या उत्तरात तीन वेगळी माणसं मावतात : जिला काम करायचंच नाही ती, जिला काम हवंय पण मिळत नाही ती, आणि जी घरी बसून काम *करते* ती. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात. तिथे ‘खाळीगा उंदी’ म्हटलं तरी तेच, बसून आहे, रिकामी आहे. कशामुळे, ते वाक्यात नाही.

यातली तिसरी तर फार चकवते. त्याच घरातली सासू विड्या वळते. पानं आणि तंबाखू घरी आणायचं, हजाराच्या हिशेबाने विड्या द्यायच्या. तिला विचारलं तर तीही म्हणणार, ‘घरीच असते.’ पण मोजणीत ती कामावर आहे, घरबसल्या स्वतःचं काम करणारी. आठवड्यात एक दिवस तासभर वळल्या तरी कामावर. आणि नात दोरा बांधायला रोज बसत असेल, पंधरा वर्षांची असेल, तर तीही कामावर, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस, संकेतांक 21. (जुन्या मराठीत बिनमोबदल्याच्या सक्तीच्या कामाला बेगार म्हणत. ‘बेकार’ आणि ‘बेगार’ यांत एका अक्षराचा फरक.) देशात 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 झाला. त्या वाढीत स्वयंरोजगार आणि अशी बिनपगारी मदत यांचा वाटा मोठा आहे. त्याच काळात स्त्री-पुरुष मिळून बेरोजगारीचा दर 6 वरून 3.2 वर आला. दोन्ही आकडे खरे आहेत. ‘रोजगार’ या शब्दाने तुमच्या डोळ्यांपुढे पगाराचं पाकीट येत असेल, तर फसगत तुमच्या डोळ्यांची.

तेव्हा वापराबद्दल माझं मत असं. बोलण्यात ‘बेकार’ खुशाल म्हणा, ज्याला काम नाही तो. ‘बेरोजगारीचा दर’ मात्र जोडशब्द म्हणूनच वाचा, त्याची फोड करू नका, कारण फोड केली की ‘काम नसलेले शेकडा किती’ असा अर्थ निघतो आणि तो चूक आहे.

नव्या पद्धतीत तेच घर लागोपाठ चार महिने विचारतात. दुसऱ्या महिन्यात पाहणीवाला आला तेव्हा सून दारात होती. त्याने बहुधा अनुभवाने शहाणं होऊन ‘उपलब्ध’ टाकला आणि विचारलं, “मागच्या आठवड्यात कुणी काम दिलं असतं, तर गेला असता का?” ती म्हणाली, “गेले असते की! देतंय कोण?”

त्याने 82 टाकला. महिन्याभरात त्या घरात काहीच बदललं नव्हतं, पण आमच्या गल्लीत एक बेरोजगार वाढली.