अर्ज गेला, चूक नंतर दिसली

"ताई, नोकरीचा अर्ज मेलने पाठवून चार दिवस झाले. आज प्रिंट काढली तर बायोडेटात 'नेट उत्तीर्ण' असं लिहिलेलं दिसलं. मी नेट पास नाही. दुरुस्त करून पाठवला तर हलगर्जी समजतील, नाही पाठवला तर खोटी ठरेन. काय करू?"

आजच पाठव, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. कसं पाठवायचं ते ठरवायला मात्र आम्हाला अख्खी दुपार लागली. तीच हकिगत तिच्या परवानगीने इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी चोपडा तालुक्यातली. जळगावच्या विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. केळीवरच्या करप्याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात प्रकल्प सहयोगी हवा होता. करपा तिने घरच्या बागेत लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे ही जाहिरात तिला आपल्यासाठीच निघाल्यासारखी वाटत होती. घाईत तिने मैत्रिणीच्या बायोडेटाची फाइल घेतली आणि त्यात स्वतःची माहिती भरली. नाव, पत्ता, गुण सगळं बदललं. दुसऱ्या पानावरची मैत्रिणीची ती एक ओळ तशीच राहिली.

आधी एक गोष्ट नीट तपासली. ही चूक कळवण्याइतकी मोठी आहे का? एखादं अक्षर चुकलं, स्वल्पविराम राहिला, एवढ्यासाठी दुसरा मेल पाठवू नये. तसा मेल वाचणाऱ्याचं काम उगाच वाढवतो. पात्रता, गुण, वर्ष, प्रवर्ग, अनुभवाचा काळ, फोन नंबर, भलतीच जोडलेली फाइल, यातलं काही चुकलं असेल तर कळवायलाच हवं. म्हणजे ज्या चुकीमुळे समोरच्याचा निर्णय बदलू शकतो, ती चूक मोठी. इथे तर मानधनाचाच प्रश्न होता. केंद्राच्या विज्ञान विभागाने 2020 साली या पदाचे दर ठरवले, तेव्हा नेट किंवा गेट असलेल्याला महिना 31,000 आणि नसलेल्याला 25,000 रुपये होते. घरभाडं वेगळं. म्हणजे ती ओळ तशीच राहिली असती तर महिन्याला 6,000 रुपयांचा हक्क सांगणारी ठरली असती.

सोबत तिचा मोठा भाऊ आला होता. तो म्हणाला, "ताई, ऱ्हाऊ दे ना. कोन देखस?" बहिणीची झोप उडालेली त्याला बघवत नव्हती, म्हणून तो असं म्हणाला. त्याला मी अर्जाची शेवटची ओळ दाखवली: 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', आणि खाली बहिणीची सही. सही केली तेव्हा तिला चूक माहीत नव्हती, म्हणून तोवर ती नजरचूक होती. आता माहीत आहे. इथून पुढे गप्प राहिली तर तेच वाक्य तिने जाणूनबुजून केलेला दावा होतं. शिवाय मुलाखतीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं तपासतात. तिथे नेटचं प्रमाणपत्र मागितलं की काय सांगणार? माहिती खोटी आढळली तर निवड कधीही रद्द होईल, अशी अट त्या जाहिरातीतही होती. भाऊ मग गप्प बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मग लिहा बरं पटकन."

पटकन लिहिलेला मसुदा तिच्याकडे आधीच तयार होता, एक पानभर. 'मी अत्यंत लज्जित आहे' अशी सुरुवात, मग आबांच्या आजारपणामुळे झालेली घाई, मैत्रिणीच्या फाइलची गोष्ट, 'कृपया मला एक संधी द्या', आणि खरी दुरुस्ती अकराव्या ओळीत. मी तिला विचारलं, समोर शंभर अर्ज घेऊन बसलेल्या माणसाने ही अकरावी ओळ कधी गाठायची? माफी लांबली की वाचणाऱ्यावर आपल्याला धीर देण्याचं ओझं पडतं, आणि त्याला हवी असलेली माहिती मागे राहते. मैत्रिणीचा उल्लेख तर पूर्ण काढला. सही आपली, तर चूकही आपलीच.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुरुस्त बायोडेटात तिने चार ओळी नव्याने घातल्या होत्या. एका कार्यशाळेचं प्रमाणपत्र वाढवलं, उद्दिष्टाचा परिच्छेद सुंदर केला. ते सगळं मी काढायला लावलं. दुरुस्तीच्या नावाखाली अर्ज सजवला की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, अजून काय काय बदललंय? दुरुस्तीच्या मेलमध्ये दुरुस्तीच असावी.

आणि दुरुस्ती एकदाच पाठवता येते. दुसऱ्यांदा पाठवली की आधीच्या कबुलीतला प्रामाणिकपणाही कमी वाटू लागतो. म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून आम्ही बायोडेटा शेवटच्या पानापासून वर वाचत आलो. भाऊ मूळ कागद वाचायचा, ती ओळीवर बोट ठेवायची. त्यात एम.एस्सी.चं वर्ष 2023 ऐवजी 2022 पडलेलं सापडलं. तेही याच मेलमध्ये घेतलं.

मेल इंग्रजीत गेला. मराठीत त्याचा मजकूर असा होता:

विषय: दुरुस्त अर्ज – प्रकल्प सहयोगी पद – (जाहिरात क्रमांक, अर्जदाराचं नाव)

महोदय,
वरील पदासाठी मी रविवारी पाठवलेल्या बायोडेटात दोन चुका आहेत. पान 2 वर 'नेट उत्तीर्ण' असे लिहिले गेले आहे. मी नेट उत्तीर्ण नाही. पान 1 वर एम.एस्सी. उत्तीर्ण होण्याचे वर्ष 2022 आहे. ते 2023 असे वाचावे. दुरुस्त बायोडेटा सोबत जोडला आहे. इतर माहितीत बदल नाही. आधीच्या प्रतीऐवजी कृपया ही प्रत ग्राह्य धरावी. झालेल्या चुकीबद्दल आणि आपल्याला पडलेल्या जादा कामाबद्दल मी दिलगीर आहे.
आपली विश्वासू

नवा मेल न उघडता तिने रविवारच्या आपल्याच मेलला उत्तर म्हणून हा पाठवला. त्यामुळे रविवारच्या मेलचा मजकूर याच मेलमध्ये खाली दिसतो आणि तो शोधावा लागत नाही. पूर्ण बायोडेटा जोडला, नुसतं बदललेलं पान नाही, कारण सुटं पान आधीच्या प्रतीला लावण्याचं काम कुणी करत नाही. फाइलच्या नावात `Corrected` हा शब्द आणि तारीख घातली. पहिला मेल परत खेचता येईल का, असं भावाने विचारलं होतं. जीमेलमध्ये पाठवलेलं थांबवायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. चार दिवसांनी तो मार्ग नसतो.

दोन दिवस उत्तर आलं नाही. या दोन दिवसांत तिने मला बरेच फोन केले, आणि प्रत्येक वेळी तिला संस्थेला आणखी एक मेल करायचा असायचा. मी थांबवलं. तिसऱ्या दिवशी कार्यालयीन वेळेत तिने एकदाच फोन केला आणि एवढंच विचारलं, "सर, दुरुस्त अर्ज मिळाला का?" संध्याकाळी उत्तर आलं: नोंद घेतली आहे. मुलाखतीला ती त्या मेलची प्रिंट सोबत घेऊन गेली. नेट नसलेल्यांच्या दराने तिचा विचार झाला आणि प्रतीक्षा यादीत दुसरं नाव लागलं. निवड झाली नाही. पण मुलाखतीत नेटचा विषय निघाला तेव्हा तिला काही लपवावं लागलं नाही.

अर्ज मेलने न जाता संकेतस्थळावर भरला असेल तर रीत वेगळी. तिथे घाबरून दुसरा अर्ज भरू नका. काही जाहिरातींत शेवटचा अर्ज धरतात, काहींत एकाहून जास्त अर्ज आले की उमेदवारीच रद्द करतात, तेव्हा आधी जाहिरात वाचा. काही परीक्षांना मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस खिडकी उघडतात, पण त्यात मोजक्याच रकान्यांत बदल करता येतो. आपला रकाना त्यात नसेल तर अर्ज क्रमांक घालून मदत कक्षाला वरच्यासारखाच छोटा मेल करा, आणि पोच जपून ठेवा.