मीटर पाच व्होल्ट दाखवतो, मोबाईल मात्र चार्ज होत नाही

"मी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी सोलर चार्जर केला आहे. ६ व्होल्ट १ वॅटचं पॅनेल, एक १एन४००७ डायोड आणि ७८०५ आयसी. उन्हात मीटर ४.८ व्होल्ट दाखवतो. मोबाईल लावला की चार्जिंगची खूण एकदा येते आणि जाते. आयसी खराब आहे का?"
— विद्यार्थिनी, जि. सांगली

आयसी चांगला आहे. दर डिसेंबरात हीच तक्रार येते, आणि बहुतेक पत्रांत पॅनेल, डायोड, आयसी अगदी हेच असतात, कारण सगळ्यांनी एकाच धाटणीचा व्हिडिओ पाहिलेला असतो.

तू मोबाईल न लावता मोजलंस. काहीच जोडलेलं नसताना तुझं पॅनेल उन्हात साधारण ७ व्होल्ट दाखवतं. काम करायला लागलं की ते ६ वर येतं, आणि तेही प्रवाह १६० मिलिअँपिअरच्या आसपास असेल तरच. त्यातले पाऊण व्होल्ट डायोड खातो. उरले सव्वापाच. ७८०५ हा व्होल्टेज ५ वर धरून ठेवणारा आयसी; त्याने ५ व्होल्ट बाहेर द्यायचे तर आत किमान ७ लागतात. ते न मिळाल्याने तो जेमतेम साडेतीन बाहेर सोडतो. मोबाईल क्षणभर जागा होतो, व्होल्टेज कोसळलेलं बघतो आणि सोडून देतो.

आता हे स्वतः बघ. दुकानातून १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आण. मोबाईलच्या जागी तो लाव आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर धर. ५ व्होल्ट टिकले तर अर्धा अँपिअर वाहतो आहे, म्हणजे मोबाईलची किमान गरज भागते. तुझ्याकडे काटा दोनच्याही खाली जाईल. रेझिस्टर गरम होतो, बोट लावू नकोस.

डायोड काढून टाक. बॅटरी नसलेल्या चार्जरला त्याचा उपयोग नाही. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण खरी अडचण त्या १ वॅटची आहे. हल्लीच्या मोबाईलची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जवळपास १९ वॅट-तास. हिवाळ्यात दिवसभरात कडक उन्हाचे पाच तास मिळाले असं धरलं, तरी तुझं पॅनेल ५ वॅट-तास देईल, आणि त्यातलेही काही वाटेत जातील. बॅटरी भरायला चार-पाच दिवस. १२ व्होल्ट १० वॅटचं पॅनेल घे. ७८०५ ऐवजी बक कन्व्हर्टरची छोटी निळी पट्टी लाव. ७८०५ जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, ही पट्टी त्याचा प्रवाह करून देते. पट्टीवरचा पितळी स्क्रू फिरवून ५.१ व्होल्ट लावायचे असतात. सुरुवातीचे बरेच फेरे काहीच बदलत नाही, म्हणून मुलं स्क्रू जोरात पिळतात आणि एकदम १२ व्होल्ट बाहेर पडतात. मोबाईल लांब ठेवून, मीटर लावूनच फिरव. पहिल्यांदा जोडताना विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना शेजारी उभं कर.

"मुलीला चार्जर करताना शॉक लागेल का?"
— पालक, जि. नाशिक

नाही. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल काहीच जोडलेलं नसताना २१ व्होल्टपर्यंत जातं, पण तेवढ्याने शॉक लागत नाही. कथील वितळवायची इस्त्री मात्र २३० व्होल्टवर चालते, तिच्याजवळ मोठं माणूस हवं.

"ऑनलाईन तळहाताएवढं '२० वॅट' सोलर चार्जर स्वस्तात मिळतंय. तेच आणून उघडून दाखवलं तर?"
— पालक, जि. पुणे

मोजपट्टी घ्या आणि मोजा. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. चांगलं पॅनेल त्यातलं वीस टक्के विजेत बदलतं. म्हणजे २० वॅटला जवळजवळ ३२ बाय ३२ सेंटिमीटर जागा लागते, तीही चौकट सोडून. तळहाताएवढ्या, १० बाय १० च्या पॅनेलवर मुळात ऊनच १० वॅट पडतं. त्यातून २ वॅट निघाले तरी पुष्कळ. खोक्यावर काय छापायचं हे विकणारा ठरवतो; सेंटिमीटर त्याच्या हातात नसतात. विकत आणलेली वस्तू उघडून मांडायला प्रदर्शनात मान्यता आहे का, हे शाळेला विचारा. माझं मत विचाराल तर आणू नका.

"मीच परत लिहिते आहे. १० वॅटचं पॅनेल आणि निळी पट्टी लावली. रेझिस्टरवर ५ व्होल्ट टिकतात. आईचा मोबाईल चार्ज होतो, पण बाबांचा 'हळू चार्जिंग' म्हणतो. आणि मध्येच टिंग-टिंग वाजत चार्जिंग सुटतं, लागतं, सुटतं."
— विद्यार्थिनी, जि. सांगली

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र करू नकोस.

बाबांच्या मोबाईलचं आधी. यूएसबी सॉकेटला चार पाय असतात. कडेचे दोन विजेचे, मधले दोन माहितीचे. मोबाईल मधल्या दोन पायांवरून ओळखतो की समोर चार्जर आहे की कॉम्प्युटर. तू ते मोकळे सोडले असणार. समोर कोण आहे हे न कळल्यामुळे काही मोबाईल सावधपणे थोडाच प्रवाह ओढतात. मधले दोन पाय एकमेकांना जोड. फक्त एकमेकांना, कडेच्या पायाला त्यांचा थेंबभर कथीलही लागता कामा नये. बऱ्याच मोबाईलना एवढं पुरतं. काही कंपन्यांच्या मोबाईलना त्या पायांवर ठरावीक व्होल्टेज लागतं, त्यांच्या नादाला प्रदर्शनापुरतं लागू नकोस.

टिंग-टिंगची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही कानाला सारखीच वाटतात. ओळखायचं मीटरने. मीटर पॅनेलच्या दोन टोकांवर लाव, मोबाईल चालू ठेव आणि बघत बस. टिंग होताना पॅनेलचं व्होल्टेज १७-१८ वरून धाडकन सहा-सातवर येत असेल, तर ऊन कमी पडतं आहे. मोबाईल मागतो तेवढे वॅट पॅनेल देऊ शकत नाही, ते कोसळतं, मोबाईल सुटतो, भार गेल्यावर पॅनेल सावरतं, मोबाईल पुन्हा मागतो. ढग आणि धुरकट हवा हे कारण असतंच, पण पॅनेलवर पडलेली काठीची सावलीही पुरते. या पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्यांचा प्रवाह अडतो. दुकानदार इथे मोठा कॅपॅसिटर विकतो. तो क्षणभर सांभाळतो, ढग नाही सांभाळत.

आणि पॅनेलवर व्होल्टेज पडण्याऐवजी टिंग होताना उलट थोडं चढत असेल, तर ऊन पुरेसं आहे आणि मोबाईलकडे जाणारी वाट कुठेतरी तुटते आहे. मग कथिलाचे सांधे बघ. भिंग घेऊन प्रत्येक सांध्याकडे पाहा: चांगला सांधा चकचकीत आणि तारेवर पसरलेला असतो; वाईट सांधा राखाडी, गोळ्यासारखा, आणि पायाभोवती केसाएवढी गोल चीर असलेला. चार्जर चालू असताना लाकडी पेन्सिलीने एकेक सांधा हलकेच दाब. ज्यावर दाबल्यावर टिंग होईल, तो दोषी. पॅनेल काढून ठेव, आणि मग तेवढाच सांधा नव्याने तापव.

"काकांकडे जुन्या मोबाईलची बॅटरी पडून आहे. ती जोडली तर ढगातही चार्जर चालेल असं ते म्हणतात. दुकानदारही म्हणाला चालतं."
— विद्यार्थी, जि. वाशिम

नको. काकांना हे उत्तर वाचून दाखव, दुकानदारालाही.

लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टपर्यंत भरायची असते. अलीकडच्या काही मोबाईलमध्ये ४.४ च्या आसपास. त्यापुढे दिलेला दहावा हिस्सा व्होल्टसुद्धा तिला सहन होत नाही. पॅनेल २१ पर्यंत जातं. मोबाईलमध्ये असताना तिला सांभाळून भरण्याचं काम मोबाईलच्या पाटीवरचं सर्किट करतं, आणि बॅटरी काढली की ते सर्किट मोबाईलमध्येच राहतं. बॅटरीच्या टोकाशी असलेली बारीक पट्टी ही शेवटच्या क्षणी तोडणारी सोय आहे, रोज तिच्यावर विसंबायचं नसतं. 'एक चार्जिंग मॉड्युल लावलं की झालं' असंही व्हिडिओत सांगतात. त्या नेहमीच्या मॉड्युलची सहनशक्ती ८ व्होल्टपर्यंत; १२ व्होल्टच्या पॅनेलला थेट जोडलं की ते जळतं, आणि जळताना पुढे काय सोडेल याची खात्री नाही.

पडून असलेली बॅटरी तर आणखी वाईट. महिनोन् महिने पडून ती अडीच व्होल्टच्याही बरीच खाली गेली असेल तर आत तांबं विरघळून भलतीकडे जमा होऊ शकतं. अशी बॅटरी भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकते, आणि हे बाहेरून दिसत नाही. फुगलेली असेल तर दिसतं: ती टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगते. तिला टाचणी लावून हवा काढणारे लोक मी पाहिले आहेत. आत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. त्यात तुम्ही ती ठेवणार पॅनेलच्या मागच्या बंद डब्यात, भर उन्हात, आणि भोवती पन्नास मुलं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर भरू नये असा नियम आहे. उन्हातला तो डबा त्याच्या पुढे सहज जातो.

ढगाची अडचण खरी आहे, तिच्यावर साधा उपाय आहे. चांगली सीलबंद पॉवर बँक घे, जिच्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक आहे. चार्जरने पॉवर बँक भर, पॉवर बँकेने मोबाईल. सर्किट पॉवर बँक करणाऱ्या कंपनीचं, जोखीम तिने तपासलेली. पॉवर बँक सावलीत ठेव. आणि काकांच्या बॅटरीचं काय करायचं हे मोबाईलच्या सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांना विचारा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. फुगलेली असेल तर मुलांनी हातही लावू नये.

"पॅनेल कशाने पुसायचं?"
— शिक्षिका, जि. धुळे

ओल्या मऊ फडक्याने, सकाळी पॅनेल गार असताना.

"पेन्सिलीने सापडलं! यूएसबी सॉकेटच्या एका पायाला चीर होती. आता अडचण अशी की आमचा स्टॉल वर्गात आहे. ट्यूबलाईटखाली पॅनेल काहीच देत नाही. परीक्षक येतील तेव्हा मोबाईल चार्ज कसा दाखवू?"
— विद्यार्थिनी, जि. सांगली

ट्यूबलाईटखाली दाखवता येणार नाही. वर्गातला उजेड उन्हाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून तो पुरेसा वाटतो. जवळून मोठा हॅलोजन लावायचा सल्ला कोणी देईल. पॅनेल तापेल, तुझा टेबलक्लॉथही तापेल, नको.

पॅनेल बाहेर ठेव, दक्षिणेकडे तोंड करून, डिसेंबरात जमिनीशी साधारण ३५ अंशांनी उभं. तिथून वायर वर्गात आण. लांब करायची ती पॅनेलची वायर, यूएसबीची नाही. पॅनेलच्या बाजूला १७ व्होल्टवर प्रवाह अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो, म्हणून दहा मीटर साध्या वायरीत फारसं काही हरवत नाही. तेवढीच लांबी ५ व्होल्टच्या बाजूला केलीस तर प्रवाह तिप्पट होतो, आणि बारीक वायरीत मोबाईलपर्यंत साडेचारही पोहोचत नाहीत. वायर दारातून जाणार असेल तर मुलं अडखळणार नाहीत अशी चिकटवून घे, आणि ती कुठून न्यायची हे आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून ठेव.

सकाळी नऊपासून दर तासाला पॅनेलचं व्होल्टेज, आणि रेझिस्टर लावून बाहेरचं व्होल्टेज, वहीत लिहून ती वही स्टॉलवर ठेव. तो चिरलेला सॉकेट फेकला नसशील तर तोही भिंगासह शेजारी ठेव.

"बारावीपर्यंत चालेल का हा चार्जर?"
— त्याच विद्यार्थिनीचे वडील

पॅनेल चालेल, वायरीचे सांधे दरवर्षी तपासा, आणि तुमचा मोबाईल लावण्याआधी एकदा मीटर लावा.