रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीचं अर्धं मिनिट

प्रिय मुली,

तुझे तिन्ही सराव-पेपर काल रात्री तपासले. 28, 27 आणि 28. यूकेच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनसाठी तुला आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये 7 बँड हवा, म्हणजे 40 पैकी साधारण 30 बरोबर. दोन-तीन उत्तरांचाच प्रश्न आहे, आणि ती कुठे जातात ते तुझ्या कागदावर स्पष्ट दिसतं. ऐकूच आलं नाही म्हणून गेलेली फार थोडी आहेत. जास्त उत्तरं रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात गेली आहेत.

दुसऱ्या पेपरातला सायकल भाड्याने घेण्याचा फॉर्म काढ. तिथे 'प्लीज ब्रिंग अ रिसेंट' आणि पुढे रिकामी जागा आहे. तू पेन्सिलीने शेजारी 'फोटो' लिहिलंस. अंदाज चुकीचा नव्हता, 'रिसेंट'नंतर फोटो येऊ शकतोच. पण रेकॉर्डिंगमधला माणूस म्हणतो की पूर्वी आम्ही फोटो मागायचो, आता पत्ता छापलेलं एखादं बिल पुरतं. तुला 'फोटो' ऐकू आलं, आपला अंदाज खरा ठरला म्हणून तू निश्चिंत झालीस आणि 'बिल' कानावरून निघून गेलं. त्याच्या पुढचं उत्तरही गेलं, कारण तू अजून 'फोटो'चं स्पेलिंग लिहीत होतीस. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, परत मिळत नाही.

मी वर्गात 'आधी अंदाज करा' असं सांगते, तेव्हा बऱ्याच मुलांना वाटतं की उत्तराचा शब्द ओळखायचा आहे. तसं नाही. कसला शब्द येणार, एवढंच ठरवायचं.

तू रोज दादरला गाडी बदलतेस. तिथली अनाउन्समेंट तू कधी शब्द न् शब्द ऐकतेस का? गर्दी, भोंगे, शेजारी कोणी मोबाइलवर बोलतंय, तरी तुला समजतं. कारण वाक्याचा साचा तुझ्या डोक्यात तयार असतो: इथे प्लॅटफॉर्मचा आकडा येणार, इथे स्टेशनचं नाव, इथे जलद की धीमी. कान फक्त त्या तीन जागांवर उघडतात. आता तुझी नेहमीची लोकल रोज तीनवर येते म्हणून तू 'तीन' धरूनच उभी राहिलीस, तर ज्या दिवशी ती पाचवर लागेल त्या दिवशी अनाउन्समेंट होऊनही तुझी गाडी चुकेल. 'इथे आकडा येणार' हा तुला हवा असलेला अंदाज. 'तीनच येणार' हा फोटोसारखा अंदाज.

तोच फॉर्म आता परत वाचू. नावाच्या ओळीत पहिलं नाव छापलंय, आडनाव रिकामं. म्हणजे अक्षरं एकेक करून सांगितली जाणार. तेव्हा आधीच मनाशी ठरव की 'डबल एल' आलं तर दोनदा लिहायचं. 'ए', 'ई' आणि 'आय'मध्ये आपल्याकडच्या मुलांची गल्लत होते, तिथे हात सावध ठेव.

पुढे तारीख आहे, आणि जागेच्या मागे 'जून' छापलेलं आहे. म्हणजे तुला फक्त आकडा हवा, 1 ते 30 मधला. थर्टीन्थ आणि थर्टिएथ यांत आघात कुठे पडतो ते ऐकायचं. एवढं ठरलं की सोळा, सतरा असा नेमका आकडा मनात आणूच नकोस.

मग डिपॉझिट, समोर पाउंडाची खूण. आकडा येणार हे उघड आहे. पण इथे अजून दोन गोष्टी आधी बांधता येतात. एक म्हणजे पैशांच्या जागी बहुतेकदा एकाहून जास्त आकडे कानावर पडतात: एक भाड्याचा, एक जुन्या दराचा, एक खरा. म्हणून पहिला आकडा आला की पेन्सिलीने हलकाच लिहायचा आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं. 'बट', 'ॲक्च्युअली', 'सॉरी' यांपैकी काही आलं की आकडा बदलणार असं समज. दुसरं म्हणजे, रेकॉर्डिंगमधला माणूस 'डिपॉझिट' हा शब्द उच्चारेलच असं नाही. तो म्हणेल, एवढे आधी भरा, सायकल परत आणली की मिळतील. तुझ्या या पेपरात नेमकं तसंच झालं. तू 'डिपॉझिट' शब्दाची वाट बघत बसलीस आणि 55 निघून गेले. म्हणून अर्ध्या मिनिटात जागेलगतच्या एखाद्या मुख्य शब्दाला म्हणायची दुसरी पद्धत मनात आणून ठेव. सगळ्या शब्दांची नको, तेवढा वेळ नसतो.

आणि 'अ रिसेंट' नंतर? 'अ' आहे, म्हणजे एकवचनी, मोजता येणारी वस्तू, आणि ती सोबत आणायची. शेजारी 'वस्तू, एकच' एवढंच लिही. फोटो आला तरी तो त्या चौकटीत बसतो, बिलही बसतं, आणि कोणतं धरायचं ते बोलणारा सांगेल.

पार्ट 4 मधल्या लेक्चरला हीच व्याकरणाची नजर जास्त उपयोगी पडते. तिथे दहाही प्रश्न आधी एकदमच वाचायचे असतात, मध्ये थांबा नसतो. विषय अनोळखी असतो, त्यामुळे अर्थावरून फारसं काही हाती लागत नाही. पण जागेपुढे 'वेअर' असेल तर शब्द अनेकवचनी हवा. तिसऱ्या पेपरात तू 'टूल' लिहिलंस, वाक्य होतं 'मेनी' रिकामी जागा 'वेअर फाउंड'. रेकॉर्डिंगमध्ये 'टूल्स'मधला शेवटचा आवाज पुढच्या शब्दात मिसळला होता, तो कानाने पकडणं कठीणच. पण 'मेनी' आणि 'वेअर' कागदावरच छापलेले होते. तिथे आधीच 'अनेक' अशी खूण केली असतीस तर 'एस' सुटला नसता. त्या एका अक्षरापायी उत्तर पूर्ण चूक धरलं जातं, अर्धा मार्क मिळत नाही. 'ओन्ली वन वर्ड' की 'नो मोअर दॅन टू वर्ड्स', हेही प्रत्येक वेळी वाचून घे. ती मर्यादा हासुद्धा अंदाजाचाच भाग आहे.

मल्टिपल चॉइसला आणि नकाशाला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे तीनही पर्यायांचा उल्लेख होऊ शकतो. त्यांच्याबद्दल वेगळं बोलू.

या आठवड्यात तुझी नाइट ड्युटी आहे, पूर्ण पेपर सोडवू नकोस. रोज एकच फॉर्म किंवा एकच नोट्सचा प्रश्न घे. मोबाइलवर 30 सेकंद लाव आणि प्रत्येक जागेशेजारी एक-दोन शब्दांची खूण कर: आकडा, स्पेलिंग, जागा, अनेक, क्रियापद. रेकॉर्डिंग लावण्याआधी कागद एकदा तपास. कुठे नेमका शब्द लिहून बसली असशील तर तो खोड आणि त्याचा प्रकार लिही. मग ऐक. शेवटी उत्तरांआधी खुणा तपासायच्या: प्रकार जुळला का? जुळला नसेल तर जागेच्या आधीचा आणि नंतरचा शब्द परत वाच, चूक बहुतेक तिथेच सापडते. प्रकार जुळूनही उत्तर चुकलं असेल, तर त्या ठिकाणी रेकॉर्डिंगमध्ये किती पर्याय बोलले गेले ते मोजून कडेला लिही.

ते सातही कागद रविवारी घेऊन ये. खुणा खोडू नकोस, उत्तरांपेक्षा मला त्या बघायच्या आहेत.

तुझी,
बाई